‘बाई, आवाज बदलतच नाहीये’: ध्वनी आणि कंपनं या पाठाचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

सहावीचा वर्ग, ३६ मुलं. ध्वनी या घटकासाठी ३५ मिनिटांच्या दोन जोडतासिका मिळाल्या होत्या. पहिलीत रबरबँड, दुसरीत डब्यांचे फोन, असा बेत होता. दोन्ही प्रयोग मी आधीही घेतले होते. साहित्य हाताशी असतं, मुलं खूश असतात, त्यामुळे तयारी म्हणून मी फक्त रबरबँड मोजून ठेवले आणि नऊ फोनांसाठी अठरा पत्र्याचे डबे भोकं पाडून आणले.

मुलांकडून तीन गोष्टी वदवून घ्यायच्या होत्या. आवाज होतो तिथे काहीतरी कंप पावत असतं. कंपनं जलद झाली की स्वर उंच होतो. आणि आवाज हवेतून जातो तसा दोऱ्यासारख्या घन वस्तूतूनही जातो. एक सहकारी शिक्षक मागच्या बाकावर बसून नोंदी घेत होते. खाली जे तपशील आहेत त्यातले बरेच त्यांच्या वहीतले आहेत. मला स्वतःला त्या दिवशी पाठ चांगला झाल्यासारखंच वाटलं होतं.

## अडचण

रबरबँड एका हाताच्या अंगठ्यात आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीत अडकवायचा, मधल्या बोटाने छेडायचा आणि कानाजवळ धरून ऐकायचं. सुरुवात छान झाली. छेडलेला रबरबँड एक न दिसता धूसर पट्ट्यासारखा दिसतो आणि बोट लावलं की पट्टा आणि आवाज एकदमच थांबतात, हे मुलांनी स्वतःहून सांगितलं. मग मी फळ्यावर लिहिलं, ‘रबरबँड जितका जास्त ताणू, तितका आवाज उंच’, आणि म्हणाले, “आता करून बघा.”

दोन मिनिटांत खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “बाई, आवाज बदलतच नाहीये.”

मी म्हणाले, “नीट ऐक. हळूहळू ताण.”

तिने पुन्हा ताणला. मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकलं. “नाही बदलत, बाई. तोच येतोय.”

“कानाजवळ धर,” असं म्हणून मी पुढच्या गटाकडे गेले. तिथे दोघांनी मला बरं वाटेल असं उत्तर दिलं. सहकाऱ्यांच्या नोंदीत आहे की त्या दोघांनी रबरबँड छेडण्याआधी फळ्याकडे पाहिलं होतं. नऊपैकी चार गटांनी वहीत ‘बदल नाही’ असं लिहिलं होतं आणि नंतर फळ्यावरचं वाक्य बघून ते खोडलं होतं.

दुसऱ्या तासिकेला उलटंच झालं. वर्गात सहा मीटर दोऱ्याचे नऊ फोन लागले आणि नऊच्या नऊ जोड्या म्हणाल्या, “ऐकू आलं!” एका जोडीचा दोरा तर बाकावरून लोंबत होता, जवळजवळ जमिनीला टेकला होता. त्यांनाही ऐकू आलं. येणारच. सहा मीटरवरचा मुलगा मोठ्याने बोलला तर ते वर्गातल्या हवेतून ऐकू येतंच, त्यासाठी डब्याची गरज काय?

संध्याकाळी नोंदवही वाचताना हे दोन्ही प्रसंग शेजारी-शेजारी आले तेव्हा पाठाचं खरं चित्र दिसलं. रबरबँड खरं सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं होतं. फोनचा प्रयोग असा रचला होता की तो कधी ‘नाही’ म्हणूच शकत नव्हता, आणि त्याला मी शाबासकी दिली होती.

## मुलगी बरोबर का होती

घरी आठ सेंटिमीटर लांबीचा रबरबँड घेतला, फळीवर दोन खिळे ठोकले, आधी १६ आणि मग २४ सेंटिमीटर अंतरावर, आणि छेडून पाहिला. स्वर जेमतेम बदलला. अगदी लक्ष देऊन ऐकलं तर किंचित चढल्यासारखा वाटत होता, पण गजबजलेल्या वर्गात सहावीच्या मुलांना तो सारखाच वाटणार.

कारण साधं आहे, पण आपण ते विसरतो. ताणलेल्या तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: कंप पावणाऱ्या भागाची लांबी, ताण आणि तारेच्या दर सेंटिमीटरचं वजन. तंतुवाद्याची खुंटी पिळली की फक्त ताण वाढतो. लांबी दोन आधारांमध्ये बांधलेली असते, म्हणून स्वर चढतो. बोटांमधला रबरबँड लांब करताना मात्र तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. ताण वाढतो आणि रबर बारीक होतं, या दोन्हींमुळे स्वर वर जायला हवा. पण त्याच वेळी लांबी वाढते आणि ती स्वर खाली ओढते. मधल्या टप्प्यात ही रस्सीखेच जवळपास बरोबरीत सुटते. अगदी सैल रबरबँड थोडा ताणताना स्वर चढलेला कळतो, आणि तुटायच्या बेतात आल्यावर रबर एकदम कडक होतं तेव्हाही चढतो. पण मुलं ताणतात ती नेमकी मधल्या पट्ट्यात.

आणखी एक गोष्ट हाती लागली. पुढच्या वेळी जाड आणि बारीक रबरबँडची तुलना घ्यायची होती, ‘जाड तार, जाड आवाज’ म्हणून. एकाच लांबीचे दोन रबरबँड, एक दुप्पट रुंद, त्याच खिळ्यांवर लावले. स्वर जवळपास एकच आला. दुप्पट रुंद रबरचं वजन दुप्पट, पण तेवढंच ताणायला जोरही दुप्पट लागतो, म्हणजे फायदा-तोटा सारखाच. तंतुवाद्याच्या जाड तारेला हा नियम लागत नाही, कारण तिथे ताण आपण वेगळा ठरवतो. तो उपक्रम मी तिथेच काढून टाकला.

## समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपं म्हणजे पाठ झाला असं मानून पुढे जाणं. परीक्षेत ‘ताण वाढला की स्वर उंच होतो’ हेच विचारलं जाणार आणि ते खोटंही नाही. पण चार गटांनी डोळ्यादेखत आपलं निरीक्षण खोडलं होतं, ते तसंच सोडवेना.

दुसरा पर्याय रबरबँड बाजूला ठेवून तार आणि वजनं वापरण्याचा होता. तार एका टोकाला बांधायची, दुसरं टोक टेबलाच्या कडेवरून खाली सोडून त्याला वजनं लावायची. लांबी पक्की राहते, ताण मोजूनच वाढवता येतो, सगळं स्वच्छ. पण असा एकच संच होता. ३६ मुलांनी लांबून बघायचं आणि मी छेडायची. शिवाय त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तिला रबरबँडबद्दल विचारायचं होतं.

तिसरा पर्याय रबरबँडच ठेवायचा, पण लांबी बांधून टाकायची. सहकाऱ्यांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते सहावीत तीन घटकांची रस्सीखेच काढली की मुलं गोंधळतील, त्यापेक्षा थेट बांधलेल्या लांबीचा प्रयोग द्यावा आणि कालच्या गोष्टीबद्दल बोलूच नये. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. तरी मी ठरवलं की आधी कालचंच बोलायचं, कारण त्याशिवाय नवा प्रयोग मुलांना ‘बाईंचं वाक्य खरं करणारा प्रयोग’ वाटला असता.

फोनच्या बाबतीत फारसं ठरवायचं नव्हतं. अंतर वाढवायचं, कुजबुजायचं, आणि न चालणारा फोनही मुद्दाम चालवून बघायचा.

## काय केलं: रबरबँड

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जोडतासिका घेतली. सुरुवातीला फळ्यावर तेच वाक्य लिहिलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. “मागच्या वेळी हिने सांगितलं की आवाज बदलत नाही. मी ऐकलं नाही. घरी करून पाहिलं, तिचं बरोबर होतं.” वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग तीन-चार जण एकदम बोलले, “आमचंही तसंच आलं होतं!”

मग खोकी दिली. बुटांच्या खोक्यासारखं, झाकण काढलेलं कडक पुठ्ठ्याचं खोकं, त्याच्या तोंडावर रबरबँड आडवा चढवलेला आणि रबराखाली दोन्ही कडांजवळ एकेक पेन्सिल सरकवलेली. आता कंप पावतो तो फक्त दोन पेन्सिलींमधला भाग आणि त्याची लांबी काही केल्या बदलत नाही. पेन्सिलीच्या बाहेरचा रबर खाली ओढला की ताण वाढतो.

इथे पहिली खोट लगेच निघाली. दोन गट म्हणाले की ओढूनही स्वर तोच आहे. जवळ जाऊन पाहिलं तर रबर पेन्सिलीला चिकटून बसला होता. बाहेरचा भाग ताणला जात होता, मधला ढिम्म हलत नव्हता. बाहेरून ओढून धरायचं, मधला रबर पेन्सिलीवरून अलगद उचलायचा आणि पुन्हा टेकवायचा, म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा होतो. हे केल्यावर स्वर इतका स्पष्ट चढला की एक मुलगा दचकून मागे सरला. गुळगुळीत, गोल पेन्सिल असेल तर हा त्रास कमी होतो. षटकोनी पेन्सिलीच्या कडा रबराला धरून ठेवतात.

नंतर तिसरी पेन्सिल बरोबर मध्यावर सरकवली. ताण जवळपास तोच, लांबी निम्मी. दोन्ही बाजूंना एकच आणि आधीपेक्षा बराच उंच स्वर आला. पेन्सिल मध्यावरून थोडी सरकवली की लांब बाजू खाली, आखूड बाजू वर. मुलांनी हे खेळत-खेळत पाच मिनिटं केलं आणि मी मध्ये बोलले नाही.

मग त्या मुलीला विचारलं, “आता सांग, बोटात ताणताना काय होत होतं?” ती जरा वेळ खोक्याकडे बघत राहिली. म्हणाली, “ताणल्यामुळे वर जात होता, पण लांब झाल्यामुळे खाली येत होता.” रबर बारीक होण्याचा भाग तिने सोडला आणि मीही तो काढला नाही. सहावीला एवढं पुरे होतं.

## काय केलं: फोन

डब्यांच्या कडांवर आधी चिकटपट्टी गुंडाळली, कारण कापलेला पत्रा कानाला लावायचा असतो. बुडाला भोक पाडताना डबा लाकडी ठोकळ्यावर पालथा घालून बाहेरून आत बारीक खिळा ठोकला होता. आतली धार चपटी केली नाही तर ती दोरा कापते, हे पहिल्या आठवड्यात दोन दोरे तुटल्यावर कळलं होतं. नुसती गाठ जोरात ओढल्यावर भोकातून निसटते, म्हणून आत अर्धी काडी बांधली.

मैदानावर पंधरा मीटर अंतर घेतलं. प्रत्येक गटाला बारा दोन-अक्षरी शब्दांच्या चिठ्ठ्या दिल्या. बोलणाऱ्याने कुजबुजायचं. ऐकणाऱ्याने पाठ फिरवायची, दुसरा कान तळव्याने झाकायचा आणि ऐकलेला शब्द लिहायचा. चार शब्द दोरा ताणून, चार सैल सोडून आणि चार डबा न लावता, नुसतेच. वाक्यं मुद्दाम दिली नाहीत. ‘तुझं नाव काय’ असं कुणी बोललं तर अर्धं ऐकूनही बाकीचं मनाने भरता येतं.

सात गटांत ताणलेल्या दोऱ्यावर चारपैकी तीन किंवा चार शब्द बरोबर आले. सैल दोऱ्यावर आणि नुसत्या हवेत बहुतेकांची पाटी कोरी. फोनला पहिल्यांदाच ‘नाही’ म्हणायची संधी मिळाली होती आणि त्याने ती घेतली.

उरलेले दोन गट ताणलेल्या दोऱ्यावरही फसले. एकाचा दोरा लोकरीसारखा मऊ, ताणला जाणारा होता. कंपनं पुढे जाण्याऐवजी दोऱ्यातच जिरत होती. नायलॉनचा बारीक दोरा लावल्यावर तोच डबा चालला. दुसऱ्या गटाला दहा मिनिटं काही सापडेना. दोरा ताठ होता, कुठे टेकत नव्हता, गाठही नीट होती. शेवटी लक्षात आलं की ऐकणारा मुलगा डबा निसटू नये म्हणून बुडावर चारही बोटं दाबून धरत होता. बूड हलूच शकत नव्हतं, मग आवाज कुठून येणार? डबा कडेजवळ धरायला सांगितल्यावर तो एकदम ओरडला, “आलं!” बुडावर गोल खोबणी असलेले जाड डबेही कमी बोलके निघाले. पातळ, सपाट बुडाचे चांगले चालले.

सगळ्यात चांगली कसोटी माझ्या योजनेत नव्हतीच. पाळी येण्याची वाट बघत असलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, मी मधेच दोरा चिमटीत धरला तर?” करून पाहिलं. एकाने डब्यात लांब ‘आऽऽ’ धरायचा, मधल्याने मनाला येईल तेव्हा दोरा चिमटीत घट्ट पकडायचा आणि सोडायचा. ऐकणाऱ्याने पाठ फिरवलेली. आवाज गेला की हात वर करायचा. चिमूट पडली की हात वर, सुटली की हात खाली, असं सात-आठ वेळा झालं. अंतर तेच, हवा तीच, बोलणारा तोच, फरक फक्त दोन बोटांचा. आणि चिमूट सैल धरली तर बोटांना बारीक झिणझिण्या जाणवतात. रांग लावून सगळ्यांनी ते अनुभवलं. तासिका संपल्याची घंटा झाली तरी रांग हलेना.

## काय हाती लागलं

पुढच्या दिवशी चार प्रश्न लेखी विचारले. ‘सैल दोऱ्यातून ऐकू का येत नाही’ याला ३६ पैकी २७ जणांनी कंपनांचा उल्लेख असलेलं उत्तर लिहिलं. चौघांनी अजूनही लिहिलं की सैल दोऱ्याचं ‘आतलं भोक बंद होतं’. दोरा आतून नळीसारखा पोकळ असतो आणि आवाज त्यातून वाहतो, ही समजूत मी गृहीतच धरली नव्हती. भिंगातून नायलॉनचा कापलेला दोरा दाखवला, तेव्हा तिघांनी मान्य केलं. चौथा म्हणाला, भोक फार बारीक असेल.

दुसरा प्रश्न होता, ‘तोच रबरबँड जोरात छेडला तर काय बदलेल?’ आवाज मोठा होईल, स्वर तोच राहील, हे अपेक्षित उत्तर. ११ जणांनी ‘आवाज उंच होईल’ असं लिहिलं. मी आधी निराश झाले, पण त्यांच्यातल्या पाच जणांना खोकं देऊन विचारलं तेव्हा त्यांनी जोरात छेडून बरोबर सांगितलं, “मोठा झाला, बारीक नाही झाला.” म्हणजे त्यांना ऐकू बरोबर आलं होतं, शब्द घसरला होता. आपण ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ म्हणतो तेव्हा हळू बोल असं सांगत असतो. ‘आवाज चढवणं’ म्हणजे जोरात बोलणं. मुलाने आयुष्यभर ‘चढा’ हा शब्द मोठ्या आवाजासाठी ऐकलेला असतो आणि आपण एका तासिकेत त्याचा अर्थ बदलतो. त्यावर ‘बारीक’ आणि ‘जाड’ हे शब्द बरे वाटले होते, तोवर फोनच्या वहीत एकीने लिहिलं, ‘पंधरा मीटरवर आवाज बारीक आला.’ तिला क्षीण म्हणायचं होतं.

## पुन्हा घ्यायचा झाला तर

पाठाच्या आधी प्रत्येक साहित्य मुलांच्या हातात जसं वापरलं जाणार तसंच स्वतः वापरून बघेन. मी रबरबँड मोजले होते, छेडले नव्हते. फळ्यावरचं वाक्य प्रयोगानंतर लिहीन, आणि वहीत खाडाखोड दिसली की थांबून विचारेन.

क्रमही उलटा करेन: आधी पेन्सिलींचं खोकं, मग बोटांतला रबरबँड. नियम हाती आल्यावर तो कुठे फसल्यासारखा दिसतो हे शोधणं मुलांना जमतं. आधी फसवून मग नियम सांगण्यात माझी पहिली अख्खी तासिका गेली. सहकारी मात्र अजून म्हणतात की मुलीच्या त्या वाक्याशिवाय दुसऱ्या आठवड्यात वर्ग इतका जागा नसता, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक चूक मला फार उशिरा दिसली. फोन समजावताना मी फळ्यावर दोरा सापासारखा वळवळता काढला होता, रबरबँडच्या सवयीने. एकाने विचारलंही होतं, “फोनचा दोरा हलताना दिसत का नाही?” रबरबँड आडवा हलतो, म्हणून दिसतो. फोनचा दोरा मुख्यतः लांबीच्या दिशेने पुढे-मागे ओढला जातो: एका डब्याचं बूड आत-बाहेर होतं, ते दोऱ्याला खेचतं-सोडतं आणि दोरा दुसऱ्या बुडाला तसंच हलवतो. ते ओढणं इतकं सूक्ष्म असतं की डोळ्याला दिसत नाही. सैल दोऱ्याला ओढता येत नाही, तो नुसता झोका घेतो. हे एवढं सांगितलं असतं तर ‘आतलं भोक’ कदाचित चौघांऐवजी एकाच्याच वहीत राहिलं असतं.

शब्दांचं अजून सुटलेलं नाही. पुढच्या वेळी ‘उंच’, ‘चढा’, ‘बारीक’ यांपैकी एकही न वापरता मुलांनाच दोन फरकांसाठी दोन खुणा ठरवायला सांगणार आहे, हात वर-खाली आणि हात जवळ-लांब अशा काही, आणि ‘उच्चनीचता’ आणि ‘तीव्रता’ हे शब्द त्या खुणा पक्क्या झाल्यावर लिहीन. जाड रबरबँड मात्र पेटीत परत ठेवलाय. खिडकीजवळच्या मुलीने तो उचलून विचारलंय, “बाई, हा रुंद आहे तरी त्याच्यासारखाच का वाजतो?”